आजोबांचं वाचन गेलं, नातवाचं जमेना: दुखणं एकच आहे का?

प्रश्न: माझे वडील 67 वर्षांचे आहेत. पतसंस्थेत हिशेबनीस होते. चार महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला. हातपाय नीट आहेत, बोलणंही नीट आहे. पण त्या दिवशी सकाळी पेपर उघडला आणि म्हणाले, ‘हे कुठल्या भाषेत छापलंय?’ एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, अगदी मागे इजा दिसली. नवल म्हणजे ते लिहू शकतात. परवा त्यांनी किराण्याची यादी लिहिली आणि थोड्या वेळाने तीच यादी त्यांना वाचता येईना. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, मराठी शाळेत चौथीत. गेल्या वर्षी त्याला डिस्लेक्सियाचं निदान झालं. तो ‘भाकरी’ला ‘बाकरी’ आणि ‘प्रकाश’ला ‘पकाश’ वाचतो, लिहितोही तसंच. घरात सगळे म्हणतात, आजोबांचंच नातवात उतरलं. मुलाच्या बाई त्याच्याकडून आवाजांचे खेळ करून घेतात. तेच वडिलांकडून करून घेऊ का? मुलाचाही एमआरआय करावा का? आणि डोळ्यांचे व्यायाम देणारे एक जण भेटलेत, दोघांना तिकडे नेऊ का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींनी माझं निम्मं काम केलं. वडील लिहितात पण स्वतःचं लिहिलेलं वाचू शकत नाहीत, आणि मुलगा जसं चुकीचं वाचतो तसंच चुकीचं लिहितो. एवढ्यावरूनच दोघांची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, असं मानायला चांगला आधार मिळतो. म्हणून आवाजांचे खेळ वडिलांना देऊ नका. त्यांनी अपाय होणार नाही, पण जे त्यांच्याकडे शाबूत आहे त्याचाच सराव करण्यात वेळ जाईल. मुलाच्या एमआरआयची गरज नाही. डोळ्यांच्या व्यायामांवर दोघांसाठीही खर्च करू नका. हे असं का, ते नीट समजलं तर घरी काय करायचं ते तुम्हालाच सुचत जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. वडिलांना डोळे मिटायला सांगा आणि एकेक अक्षर सुटं उच्चारा: ‘क… म… ळ’. ते बहुधा लगेच ‘कमळ’ म्हणतील. मग त्यांच्या तळहातावर बोटाने मोठं ‘ग’ काढा, तेही बहुतेक ओळखतील. आता तेच ‘कमळ’ ठळक अक्षरांत कागदावर लिहून समोर धरा. इथे अडतील. म्हणजे अक्षरांपासून शब्द जुळवण्याची त्यांची क्षमता गेलेली नाही. कानातून आणि त्वचेतून आलेली अक्षरं शब्दापर्यंत पोचतात, डोळ्यांतून आलेली पोचत नाहीत.

मुलाचेही डोळे मिटू द्या. त्याला म्हणा, ‘टी’मधला ‘ट्’ काढला तर काय उरतं? ‘झिमुरेठो’ असा अर्थ नसलेला लांब शब्द एकदाच उच्चारा आणि त्याला तसाच म्हणायला सांगा. ‘खार, गार, खाण’ यातला कुठला शब्द वेगळ्या आवाजाने सुरू होतो, ते विचारा. समोर एकही अक्षर नसताना तो इथे चाचपडला, तर त्याची अडचण डोळ्यांशी सुरू होत नाही हे तुम्हाला दिसेल. ही निदानाची चाचणी नव्हे. दोघांना शेजारी बसवून फरक डोळ्यांसमोर यावा, एवढाच तिचा उपयोग.

तुमच्या घरातल्या मंडळींना जे वाटतं, ते सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही वाटलं होतं. ती हकिकत सांगण्यासारखी आहे, कारण तुमच्या वडिलांचं दुखणं तिच्यात जवळजवळ जसंच्या तसं आहे.

ऑक्टोबर 1887 मध्ये पॅरिसमधल्या एका 68 वर्षांच्या, चांगल्या शिकलेल्या गृहस्थांना अचानक वाचता येईनासं झालं. वैद्यकीय लिखाणात त्यांचा उल्लेख ‘मस्यू सी’ असा येतो. ते कापडाचे व्यापारी होते आणि संगीताचे शौकीन. चष्म्याचा दोष असेल असं वाटून ते आधी नेत्रतज्ज्ञ लँडोल्ट यांच्याकडे गेले, आणि लँडोल्ट यांनी त्यांना मज्जातज्ज्ञ ज्यूल देजरीन यांच्याकडे पाठवलं. या गृहस्थांना समोरच्या अक्षरांचे आकार स्पष्ट दिसत होते. ‘A’ चित्रकार कॅनव्हास टेकवतो त्या लाकडी घोडीसारखा दिसतो, ‘Z’ सापासारखा, ‘P’ पट्ट्याच्या बकलासारखा, असं ते सांगायचे. नाव मात्र एकाचंही सांगता येत नव्हतं. आपलं रोजचं वर्तमानपत्र ते एकूण ठेवणीवरून ओळखायचे, पण त्याच्या मथळ्यातली अक्षरं वाचता येत नव्हती. आकडे कळत होते, आकडेमोड जमत होती. संगीताची स्वरलिपी गेली होती. बोलणं आणि स्मरणशक्ती उत्तम होती. सांगितलेला मजकूर ते सरळ लिहून काढत आणि तोच मजकूर समोर ठेवला की गप्प बसत. कोणी हात धरून अक्षराच्या रेषेवरून फिरवला की अक्षर ओळखू येई. आणखी एक खूण होती: दोन्ही डोळ्यांना उजव्या बाजूचं नीट दिसत नव्हतं.

असे ते चार वर्षं राहिले. जानेवारी 1892 मध्ये दुसरा झटका आला, त्यात लिहिणंही गेलं आणि थोड्याच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. देजरीन यांनी मेंदू तपासला तेव्हा दोन वयांच्या इजा सापडल्या. जुनी इजा डाव्या पश्चखंडात, म्हणजे मेंदूच्या अगदी मागच्या, दृष्टीचं काम करणाऱ्या भागात होती. दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्याचं मागचं टोकही तिच्यात सापडलं होतं. ताजी इजा त्याहून पुढे, डाव्या बाजूला कानाच्या वर-मागे असलेल्या मेंदूच्या एका वळीत, म्हणजे घडीत होती. म्हणजे मागचा भाग गेला तेव्हा फक्त वाचन गेलं, आणि पुढची वळी गेली तेव्हा लेखन गेलं. एकाच माणसात, एकामागून एक. इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

आता वडिलांच्या डोक्यात काय झालं ते सांगते. डावा पश्चखंड निकामी झाला की उजव्या बाजूचं दृश्य मेंदूत पोचत नाही. डाव्या बाजूचं दृश्य उजव्या गोलार्धात पोचतं, नीट दिसतं, पण भाषा डावीकडे असते. मधला पट्टा मागच्या बाजूला तुटला असेल तर दिसलेलं अक्षर भाषेपर्यंत जातच नाही. हे देजरीन यांचं स्पष्टीकरण. शंभरेक वर्षांनी त्यात भर पडली. फ्रेंच संशोधक लॉराँ कोएन आणि स्तानिस्लास दहान यांनी 2000 मध्ये दाखवलं, की डाव्या गोलार्धाच्या तळाशी, पश्चखंड आणि कानाजवळचा शंखखंड जिथे मिळतात तिथे, एक छोटा पट्टा लिखित शब्द एका नजरेत ओळखण्याचं काम करतो. तो जन्मतः वाचनासाठी तयार नसतो, लिहावाचायला शिकल्यावर तो त्या कामात तरबेज होतो. तुमच्या वडिलांनी शाळेच्या पुस्तकांपासून हिशेबाच्या वह्यांपर्यंत हा पट्टा साठेक वर्षं वापरला असणार. स्ट्रोकने एकतर तो पट्टा दुखावला, किंवा त्याच्याकडे येणारी वाट तुटली. या अवस्थेला शुद्ध अलेक्सिया म्हणतात. इथे ‘शुद्ध’चा अर्थ एवढाच, की बोलणं, समजणं, लिहिणं शाबूत असून फक्त वाचन गेलं आहे.

याची सर्वांत भरवशाची खूण शब्दाच्या लांबीत सापडते. चांगला वाचणारा माणूस तीन अक्षरांचा शब्द आणि सहा अक्षरांचा शब्द जवळपास सारख्याच वेळात वाचतो, कारण तो शब्द अख्खाच उचलतो. शुद्ध अलेक्सियाचे अनेक रुग्ण काही आठवड्यांनी एकेक अक्षर ओळखून, मनात त्याचं नाव घेत शब्द बांधू लागतात. मग प्रत्येक वाढीव अक्षराला अर्ध्या सेकंदापासून दोन-तीन सेकंदांपर्यंत जादा वेळ लागतो. वडिलांना एका चिठ्ठीवर ‘घर’, दुसरीवर ‘कमळ’, तिसरीवर ‘सरकत’ आणि चौथीवर ‘घरमालक’ असे काना-मात्रा कमी असलेले शब्द दाखवा आणि वेळ बघा. शब्द लांबेल तसा वेळ पायरीपायरीने वाढत गेला, तर ते अक्षरागणिक वाचताहेत हे नक्की. ही सुधारणेची पहिली पायरी आहे, म्हणून त्यांना ‘असं तोडून काय वाचता’ असं कोणी म्हणू नये.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. उजव्या बाजूचं दिसणं गेल्यामुळेही वाचन बिघडतं, आणि तो प्रकार वेगळा आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो तेव्हा नजर शब्दावर असताना पुढचा मजकूर आधीच टिपत असतो. रोमन लिपीत ही पुढची झलक सुमारे 15 अक्षरांपर्यंत जाते. उजवी बाजू गेली की पुढचं काही येत नाही, नजर ओळीत अडखळते, शब्दांची शेपटं सुटतात. असा रुग्ण सुटा शब्द मात्र झटकन वाचतो. तुमच्या वडिलांना कार्डावरचा एकटा शब्दही वाचता येत नसेल, तर अडचण फक्त दृष्टिक्षेत्राची नाही. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, झाली नसेल तर करून घ्या. ती होईपर्यंत वडिलांना स्कूटर किंवा गाडी अजिबात चालवू देऊ नका. उजवीकडून येणारं वाहन त्यांना दिसणार नाही आणि ते दिसत नाही हेही त्यांना जाणवणार नाही.

आता मुलाकडे वळू. मस्यू सी यांच्यासारख्या रुग्णांवरूनच मुलांमधल्या डिस्लेक्सियाची पहिली कल्पना निघाली. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी 1895 मध्ये प्रौढांच्या ‘शब्दांधत्वा’वर लेख लिहिला. तो वाचून इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी 1896 मध्ये एका 14 वर्षांच्या हुशार मुलाची नोंद छापली. त्याचं नाव पर्सी, आणि ते लिहिताना तो अक्षरांची अदलाबदल करायचा. गणितात तो तरबेज होता, वाचन मात्र बसत नव्हतं. मॉर्गन यांनी तर्क केला, की प्रौढांत इजेने जे होतं तेच या मुलाला जन्मतः आहे, म्हणजे अक्षरांची दृश्यस्मृती साठवणारी जागाच कमकुवत आहे. तुमच्या घरचेही हेच म्हणताहेत. पुढची कित्येक दशकं मुलांच्या वाचनदोषाला ‘उलटं दिसणं’ मानलं गेलं, आणि डोळ्यांचे व्यायाम त्यातूनच आले.

1970 च्या दशकात हा तर्क तपासला गेला. अमेरिकेत फ्रँक वेलुटिनो यांनी मुलांना हिब्रू शब्द थोडा वेळ दाखवले आणि ते आठवून काढायला सांगितले. कोणालाच हिब्रू येत नव्हती, त्यामुळे अक्षरांना नाव नव्हतं, आवाज नव्हता, फक्त आकार होते. वाचनात मागे असलेल्या मुलांनी ते आकार चांगल्या वाचकांइतकेच नीट काढले. म्हणजे त्यांच्या डोळ्यांना आणि आकारांच्या आठवणीला काही झालं नव्हतं. त्याच सुमारास इझाबेल लिबरमन आणि डोनाल्ड शँकवायलर या संशोधकांनी दाखवलं, की अशी मुलं बोललेल्या शब्दाचे आवाज सुटे करण्यात मागे पडतात. मग मार्गारेट स्नोलिंग आणि इतरांनी या विचाराला बांधणी दिली. शब्दांच्या आवाजांचा मनातला नकाशा पुसट असतो, किंवा त्यातून हवा तो आवाज वेळेवर काढता येत नाही. अक्षर शिकणं म्हणजे आकाराला आवाज जोडणं. आवाजच धूसर असेल तर ‘भ’ आणि ‘ब’ या दोन वेगळ्या आकारांना जोडायचं कशाला? हाच ध्वनिप्रक्रियेच्या उणिवेचा सिद्धांत.

तुमच्या मुलाच्या चुका याच चौकटीत बसतात. ‘भ’ आणि ‘ब’ यांचे आकार मुळीच सारखे नाहीत, त्यांचे आवाज जवळचे आहेत. ‘प्रकाश’मधला ‘र’ उच्चारताना ‘प’ला चिकटलेला असतो, तो सुटा ऐकू येत नाही म्हणून लिखाणातही गळतो. डोळ्याचा दोष असता तर ‘ध’ आणि ‘घ’, ‘म’ आणि ‘भ’ असे दिसायला जवळचे आकार अधिक गोंधळले असते. आकारांच्या अशाही चुका तो अधूनमधून करेल, सगळीच मुलं करतात. एक आठवडा त्याच्या चुकांची वही ठेवा, आणि आवाज जवळचे म्हणून झालेल्या किती व आकार जवळचे म्हणून झालेल्या किती ते वेगळं करा. त्याच्या बाईंना ती वही फार उपयोगी पडेल.

आपल्या लिपीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण बहुतेक संशोधन इंग्रजीवर झालेलं आहे. आपलं एक अक्षर बहुतेक वेळा एका दमात उच्चारायचा पूर्ण तुकडा असतं: ‘क’ म्हणताना त्यात ‘अ’ आलाच. त्यामुळे ‘कमळ’मधला ‘क’ वेगळा करणं मराठी मुलाला तुलनेने सोपं जातं, आणि पहिली-दुसरीत मूल ठीक चाललंय असं वाटतं. अडचण पुढे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरं आली की उघडी पडते, कारण तिथे व्यंजन आणि स्वर मनात सुटे करावे लागतात. शिवाय पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हा वेगळा पेच. कन्नडमध्ये सोनाली नाग यांच्या अभ्यासात दिसलं, की आपल्यासारख्या लिपीत सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ जातो. म्हणून मुलाची तुलना इंग्रजी पुस्तकातल्या तक्त्यांशी करू नका. मराठीसाठी ‘डाली’ नावाची चाचणी उपलब्ध आहे. ती राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केली आणि 2015 मध्ये आली. मुलाचं निदान इंग्रजी चाचणीवर झालं असेल, तर मराठीतली तपासणी जरूर मागा.

ध्वनिप्रक्रियेच्या उणिवेचा सिद्धांत पूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही, आणि त्याची मर्यादा तुमच्या कामाची आहे. 1979 मध्ये पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना शब्दातला पहिला आवाज काढायला सांगितलं, तर त्यांना जमलं नाही. साक्षर झालेल्या शेजाऱ्यांना ते जमत होतं. म्हणजे आवाज सुटे करण्याची क्षमता काही अंशी वाचनामुळेच येते. मग मुलाचा कमकुवत कान हे वाचन न जमण्याचं कारण की परिणाम? दोन्ही, एकमेकांना ओढत. शाळेत जायच्या आधीच ज्यांना शब्दांचे आवाज जड जातात, त्यांना पुढे वाचन जड जाण्याचा धोका जास्त असतो, यावरून कारणाचा भाग खरा ठरतो. पण काही मुलांची आवाजांची पारख बरी असते आणि तरीही ती फार सावकाश वाचतात. समोर मांडलेल्या चित्रांची किंवा आकड्यांची नावं भराभर घेताना ती मागे राहतात. मॅरीअन वूल्फ आणि पॅट्रिशिया बावर्स यांनी 1999 मध्ये ही वेगळी उणीव मानली, आणि आज बहुतेक अभ्यासक एकाच कारणाऐवजी अनेक कारणांचा विचार करतात. मुलाच्या अहवालात ‘जलद नामोच्चार’ तपासला आहे का ते बघा. तिथेही तो मागे असेल, तर आवाजांच्या खेळांनी अचूकपणा येईल, वेग मात्र स्वतंत्र सरावाने वाढवावा लागेल.

आवाजांचे खेळ तोंडी खेळून थांबू नका. इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आवाजांची पारख कच्ची असलेल्या लहान मुलांना दोन वर्षं शिकवलं. ज्यांना नुसता कानाचा सराव दिला, त्यांच्यापेक्षा ज्यांना प्रत्येक आवाजासोबत प्लास्टिकची अक्षरं हाताळायला दिली, ती मुलं वाचनात आणि लेखनात पुढे गेली. घरी हे असं करा: पुठ्ठ्यावर ‘क’, ‘ख’, ‘ग’ आणि काना, वेलांट्या, मात्रा वेगळ्या कापून ठेवा. ‘की’ म्हणा, त्याला पुठ्ठे जुळवू द्या. मग ‘आता का कर’ असं सांगा. त्याने फक्त स्वराचं चिन्ह बदलायचं आणि उच्चारून दाखवायचं. मग ‘की’चं ‘खी’ करायचं, म्हणजे या वेळी फक्त व्यंजन बदलेल. जोडाक्षरासाठी ‘पकाश’ आणि ‘प्रकाश’ दोन्ही मोठ्याने म्हणा, फरक त्याच्या तोंडून सांगवून घ्या, आणि मगच ‘प्र’ लिहायला घ्या. रोज 15-20 मिनिटं पुरतात. एका बैठकीत एकच जोडी घ्या, आणि ती पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुलाचा एमआरआय का नको, तेही सांगते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या गटाचे स्कॅन एकत्र केले की डाव्या बाजूच्या वाचनाच्या जागा सरासरीने कमी काम करताना दिसतात. त्यात तळाचा तो शब्दांचा पट्टाही असतो. पण एका मुलाच्या स्कॅनवरून निदान करता येत नाही. आणि तो पट्टा वाचनाच्या सरावाने घडत असल्यामुळे, त्याचं कमी काम हे बऱ्याच अंशी कमी वाचल्याचा परिणाम असू शकतं. म्हणूनच दोघांच्या स्कॅनमध्ये एकच जागा फिकी दिसली तरी अर्थ वेगळा: वडिलांमध्ये घडलेली जागा तुटली, मुलामध्ये ती अजून घडलेली नाही. मुलाला फिट येत असतील, आधी येणारं वाचन अचानक गेलं असेल किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल, तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

आणि ‘नातवात उतरलं’ याबद्दल. डिस्लेक्सिया घराण्यात चालतो हे खरं. पण 67 व्या वर्षी रक्तवाहिनी बंद पडून गेलेलं वाचन नातवात उतरत नाही. आनुवंशिकतेचा शोध घ्यायचाच असेल, तर विचारण्याचा प्रश्न दुसरा आहे: घरात कोणाला लहानपणी वाचन जड गेलं होतं का, कोण शुद्धलेखनात कायम अडखळतं? हे मुलाच्या बाबांनाही विचारा आणि स्वतःलाही.

आता वडिलांच्या सरावाबद्दल. त्यांचा हात शाबूत आहे, तोच वापरायचा. अक्षर बघायचं, त्याच्या रेषेवरून बोट फिरवायचं किंवा ते दुसऱ्या तळहातावर गिरवायचं, मग नाव घ्यायचं. कॅनडातले रहस्यकथालेखक हॉवर्ड एंगल यांना 2001 मध्ये अशाच स्ट्रोकने वाचता येईनासं झालं. ते तोंडातल्या तोंडात जिभेच्या टोकाने अक्षर गिरवून ते ओळखू लागले. सावकाश का होईना, पुन्हा वाचू लागले आणि त्यांनी त्यानंतर नव्या कादंबऱ्याही लिहिल्या. अक्षर ओळखण्यात चुका कमी झाल्या की दुसरा सराव सुरू करा: साधारण शंभर शब्दांचा एक सोपा उतारा रोज मोठ्याने वाचायचा, ठरलेला वेग येईपर्यंत तोच, मग नवा. ही पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. तिची मर्यादा माहीत असू द्या. सरावाच्या उताऱ्याचा वेग पुष्कळ वाढतो, नव्या मजकुराचा त्यामानाने थोडा. खरी प्रगती तपासायची असेल, तर दर पंधरा दिवसांनी न वाचलेला उतारा द्या आणि घड्याळ लावा. उजवी बाजू गेलेली असेल तर उजवीकडून डावीकडे सरकणारा मजकूर वाचण्याचा सरावही दिला जातो, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटापर्यंत नजर मुद्दाम नेण्याची सवय लावली जाते. हे स्ट्रोकच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

गोळ्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. अशा वेळी घरचे लोक रंगीत डब्या आणतात. पण या भागातल्या इजेत रंग ओळखणं किंवा त्यांची नावं घेणं पुष्कळदा बिघडतं. आधी वडिलांना लाल, हिरवा, निळा दाखवून विचारा. चुकले तर सकाळची डबी गोल आणि रात्रीची चौकोनी ठेवा, ती हाताला कळते. आकड्यांची भिस्तही तपासून ठेवा. ‘7’ वाचता आला म्हणून ‘4,750’ वाचता येईलच असं नाही. बँकेचे संदेश आणि गोळीची मात्रा तूर्त तुम्ही वाचून दाखवा. मोबाइलवर मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय मराठीतही मिळते, ती आजच सुरू करा, कारण ऐकलेलं त्यांना पूर्ण कळतं.

अलेक्सियापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे हा स्ट्रोक कशामुळे आला, ते कळायला हवं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिनीत बहुतेकदा दुसरीकडून आलेली गुठळी अडकते, आणि तिचा उगम पुष्कळदा हृदयात असतो. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, त्यासाठी जास्त वेळाचं ईसीजी झालं आहे का, ते डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारं औषध मनाने बंद करू नका. वडिलांकडून रोज चार ओळी लिहून घ्या, सराव म्हणून नव्हे, खूण म्हणून. आज नीट लिहिणारा हात उद्या अचानक अक्षरं चुकवू लागला, बोलणं अडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात खाली पडू लागला, तर ती जुन्या आजाराची पुढची पायरी नव्हे, नवा स्ट्रोक समजा. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा आणि लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या.